एकाच दिवशी दोन शब्द दिले, मग आम्ही चिठ्ठी लिहिली

दुपारची भांडी आटोपून, निवडायचं सूप पुढ्यात घेऊन तुम्ही रेडिओ लावला असेल. आज आम्ही आमच्याच गटाची एक फजिती सांगणार आहोत. फजिती म्हणजे अशी, की एकाच बाईंना आम्ही एकाच दिवसाचे दोन शब्द देऊन बसलो होतो, आणि आमच्या ते लक्षातही नव्हतं. त्यातून आम्ही कसे निघालो, त्यापेक्षा चिठ्ठीत काय लिहिलं आणि काय खोडलं, ते सांगण्यासारखं आहे.

गोष्ट २०२४च्या डिसेंबरातली. आमचा गट दहा जणींचा. पुरणपोळ्या, गूळपोळ्या, लाडू अशी कामं आम्ही ऑर्डरीप्रमाणे करतो. शेजारच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या घरी सासूबाईंचं मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं व्रत असतं. दिवाळीनंतर त्यांनी आमच्या एका मावशींना रस्त्यात गाठून सांगितलं, "शेवटच्या गुरुवारी उद्यापन आहे. दीडशे पोळ्या लागतील. त्याच दिवशीच्या ताज्या, संध्याकाळी पाचपर्यंत घरी." हजार रुपये आगाऊही दिले. मावशींनी पैसे आणून दिले आणि वहीत लिहून घेतलं, "शेवटचा गुरुवार, १५० पोळ्या."

पुढे डिसेंबर लागला तेव्हा त्याच बाईंनी आमच्या सचिवताईंना शाळेत बोलावलं. २६ डिसेंबरला माता-पालकांचा मेळावा ठरला होता. मुलांच्या डब्यात नाचणी-बाजरीचं काय काय देता येईल, ते आम्ही आयांना समोर करून दाखवायचं. वेळ ११ ते ३. मानधन दीड हजार. सचिवताईंनी होकार दिला आणि आपल्या डायरीत लिहिलं, "२६ डिसें., शाळा."

आता तुम्ही म्हणाल, शेवटचा गुरुवार आणि २६ डिसेंबर एकच, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं कारण साधं आहे. एक काम तिथी-वाराने लिहिलं होतं आणि एक तारखेने. त्याच्या आदल्या वर्षी मार्गशीर्ष उशिरा लागला होता. त्याचे गुरुवार पाच आले आणि शेवटचा ११ जानेवारीला पडला. त्यामुळे मावशींच्या डोक्यात "उद्यापन म्हणजे जानेवारी" हेच बसलेलं. २०२४ला मात्र गुरुवार चारच होते आणि चौथा आला २६ डिसेंबरला. दोन कामं दोन वह्यांत, दोन हिशेबांत निवांत बसून राहिली.

बाईंच्याही ध्यानात आलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांचा दिवस नीट लागत होता. दिवसा शाळा, संध्याकाळी घरचं उद्यापन. ओढाताण त्यांच्या दिवसात नव्हतीच, ती आमच्या चुलीपाशी होती. हे आम्हीच ओळखायला हवं होतं.

आम्हाला ते कळलं १६ तारखेला, सोमवारच्या बैठकीत. गूळ किती आणायचा याचा हिशेब चालला होता. खजिनदार ताई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. त्यांनी गुरुवारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, हा शेवटचा गुरुवार तर २६ लाच आलाय." सचिवताईंनी डायरी उघडली. खोलीत कुणी बोलेना.

पहिली गोष्ट आम्ही ही केली, की खरोखर अडचण आहे का ते कागदावर मांडून पाहिलं. कधी कधी दोन कामं एका दिवशी असूनही बसतात. एक सकाळचं, एक संध्याकाळचं, किंवा हात पुरेसे असतात. म्हणून तारीख बघून घाबरायचं नाही, तास आणि माणसं मोजायची.

आमच्या मापाने किलोभर डाळीच्या तीस पोळ्या होतात. म्हणजे दीडशेला पाच किलो डाळ आणि तेवढाच गूळ. एका तव्यावर तासाला वीस पोळ्या होतात. दोन तवे लावले तरी पावणेचार तास. पाचला पोचवायच्या तर बारापासून तवे तापलेले हवेत, पुरण त्याआधी वाटून तयार हवं. म्हणजे शाळेचे आणि पोळ्यांचे तास एकमेकांवर चढत होते.

मग हात मोजले. दहा जणींतल्या तिघींच्या घरी त्याच दिवशी स्वतःचं उद्यापन. एक लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. उरल्या सहा जणी. पोळ्यांना चौघी लागतात, दोघी भरून लाटायला आणि दोघी तव्यावर. शाळेत निदान तिघी. बेरीज सात. त्यातही ज्या ताई ऐंशी आयांसमोर न अडखळता बोलतात, त्यांच्याच हातची पोळी फुटत नाही. त्यांना दोन ठिकाणी कसं बसवायचं?

मग ज्या त्या पळवाटा सुचू लागल्या. एक म्हणाली, "पोळ्या रात्रीच करून ठेवू, थंडीचे दिवस आहेत, कुणाला कळतंय?" पण बाईंनी त्याच दिवशीच्या ताज्या सांगितल्या होत्या, आणि त्या नैवेद्याला जाणार होत्या. दुसरी म्हणाली, "शाळेत दोघीच जाऊ आणि एकला निघून येऊ." म्हणजे मेळावाही अर्धा आणि पोळ्याही घाईच्या. तिसरी म्हणाली, "कुणीतरी आजारी पडलं असं सांगून शाळेचं पुढं ढकलू." यावर खजिनदार ताई म्हणाल्या, "ज्यांना आजारी म्हणून सांगायचं, त्यांनाच संध्याकाळी पोळ्या नेऊन द्यायच्या आहेत. दार त्याच उघडणार." आम्ही सगळ्या हसलो, पण मुद्दा खरा होता.

त्यानंतर वाद निघाला, की दोन्हींतलं कोणतं ठेवायचं. काहींचं म्हणणं, पोळ्या ठेवा. वीस रुपये पोळीप्रमाणे तीन हजारांचं काम आहे, आगाऊ पैसेही घेतलेत, आणि व्रताचा दिवस हलत नाही. मेळावा काय, पुढच्या आठवड्यातही होईल. काहींचं म्हणणं, शाळा ठेवा, तिथून पुढे ओळखी होतील. अर्धा तास बोलल्यावर लक्षात आलं, की आम्ही आमच्या सोयीचं बोलतोय आणि नाव बाईंचं घेतोय. बाईंना कोणतं जास्त गरजेचं आहे, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. दोन्ही शब्द त्यांनाच दिलेले. तर निवडायचा हक्कही त्यांचाच. आपण फक्त विचारायचं, आणि ते त्यांच्या हातात वेळ असताना विचारायचं.

फोन का केला नाही? फोनवर माणूस भिडेला पडतं. बाई शाळेत असणार, पाठीमागे मुलांचा गलका, त्या म्हणणार, "असू द्या, तुम्हाला जमेल तसं करा." मग फोन ठेवल्यावर घरी सासूबाईंना काय सांगायचं हा घोर त्यांना. लिहून दिलं की चार वेळा वाचता येतं, घरी विचारता येतं, शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलता येतं. आणि आम्ही काय कबूल केलं तेही कागदावर राहतं.

पहिली चिठ्ठी सचिवताईंनी लिहिली. ती अशी होती: "बाई, आम्हाला फार वाईट वाटते. आमच्या मावशींनी तारीख नीट न लिहिल्याने मोठा घोटाळा झाला आहे. तरी कृपया समजून घ्यावे. आपण म्हणाल तसे करू."

वाचून झाल्यावर मावशी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या पदराशी चाळा करत बसल्या. तेव्हा आम्हाला त्या चिठ्ठीतली पहिली खोट दिसली. मावशींनी वार लिहिला होता, सचिवताईंनी तारीख लिहिली होती, आणि दोन्ही वह्या समोरासमोर कुणीच ठेवल्या नव्हत्या. चूक गटाची होती. शिवाय ती कुणाच्या हातून झाली, याच्याशी बाईंना काय करायचं?

दुसरी खोट अशी, की चिठ्ठीभर क्षमाच होती आणि कामाचं काही नव्हतं. बाईंना कळलंच नसतं, की नक्की कोणती दोन कामं अडली आहेत. तिसरी खोट सगळ्यांत मोठी. "आपण म्हणाल तसे करू" हे ऐकायला नम्र वाटतं, पण खरं नव्हतं. त्या म्हणाल्या असत्या, "दोन्ही करा," तर आम्ही काय केलं असतं? जे जमणार नाही ते स्पष्ट सांगायचं, आणि जे जमेल तेवढ्यातूनच निवडायला द्यायचं.

ती चिठ्ठी फाडली आणि सगळ्यांनी मिळून दुसरी लिहिली. ती पूर्ण वाचून दाखवतो.

"आदरणीय बाई, स. न. वि. वि.

२६ डिसेंबर, गुरुवार या एकाच दिवशी आम्ही आपल्याला दोन कामांचा शब्द दिला आहे. पहिले, शाळेतील माता-पालक मेळावा, ११ ते ३. दुसरे, आपल्या घरच्या उद्यापनाच्या १५० पुरणपोळ्या, संध्याकाळी ५ पर्यंत. शेवटचा गुरुवार यंदा २६ तारखेलाच आहे हे आमच्या आज लक्षात आले. ही चूक आमच्या गटाची आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

त्या दिवशी आम्ही सहा जणी आहोत. दोन्ही कामे नीट होणार नाहीत. आपल्याला यातले कोणते ठेवावेसे वाटते, ते कृपया कळवावे.

मेळावा ठेवल्यास: आम्ही ठरल्याप्रमाणे येऊ. पोळ्या करता येणार नाहीत. आगाऊ घेतलेले १००० रुपये लगेच परत देऊ. हवे असल्यास पुरण आदल्या संध्याकाळी शिजवून, वाटून घरी आणून देऊ.

पोळ्या ठेवल्यास: पोळ्या त्याच दिवशी करून ५ पर्यंत पोचवू. मेळाव्यासाठी आम्ही शनिवार २८ डिसेंबर किंवा गुरुवार २ जानेवारीला येऊ शकतो.

आपण काहीही निवडले तरी आमची हरकत नाही. बुधवार, १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवल्यास बरे होईल, म्हणजे आपल्याला दुसरी सोय करायला आठवडा मिळेल. निरोप आला नाही तर गुरुवारी सकाळी आम्ही दोघी आपल्याला येऊन भेटू."

खाली सचिवताई आणि मावशी, दोघींच्या सह्या.

यातल्या काही गोष्टींकडे तुमचं लक्ष वेधतो. चूक एका वाक्यात कबूल केली आणि तिथेच सोडली. दोन्ही पर्याय जवळजवळ सारख्याच लांबीचे लिहिले. आधीच्या मसुद्यात पोळ्यांबद्दल सहा ओळी होत्या आणि मेळाव्याबद्दल एक. कारण मनातून आम्हाला पोळ्या हव्या होत्या. वाचणाऱ्याला असा कल लगेच कळतो, आणि मग भिडस्त माणूस आपल्याला हवं ते न सांगता तुम्हाला हवं ते सांगतो. दुसऱ्या तारखा देण्याआधी त्या दिवशी कोण कोण मोकळं आहे ते विचारून घेतलं. ज्या तारखा पाळता येतील तेवढ्याच लिहिल्या, नाहीतर एका गोंधळातून दुसरा उभा राहतो. आणि उत्तर नाही आलं तर काय, तेही लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून आपल्या मनाने एक काम गुपचूप सोडून द्यायचं नाही.

चिठ्ठी द्यायची कशी, यावरही दोन मतं होती. शाळेतल्या मुलाच्या हाती देणं सोपं होतं. पण त्यात बाईंच्या घरची गोष्ट होती, आगाऊ पैशांचा उल्लेख होता. शाळेच्या ऑफिसात चार जणांनी ती वाचावी हे बरं नव्हतं. म्हणून चिठ्ठीचा फोटो काढून फक्त बाईंच्या व्हॉट्सॲपवर पाठवला, शाळेच्या ग्रुपवर नाही. आणि मंगळवारी सकाळी मूळ कागद त्यांच्या घरी नेऊन दिला.

मंगळवारी रात्री उत्तर आलं. आम्हाला वाटलं होतं, बाई पोळ्याच ठेवणार, व्रताचा दिवस थोडाच हलतो! त्यांनी मेळावा ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की ऐंशी आयांना निरोप गेलेत. बऱ्याच जणी रोजावर जाणाऱ्या, त्यांनी त्या दिवसाचा खाडा धरून ठेवलाय, त्यांना पुन्हा कसं बोलवायचं? उद्यापनाचं मात्र त्यांनी घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, नैवेद्यापुरत्या एकवीस पोळ्या जाऊबाई करतील, बाकीच्यांना शिरा-पुरी करू. पुरण मात्र आमचंच हवं, किलोभर डाळीचं.

बघा, व्रताचा दिवस हलत नव्हता, पण त्या दिवशीचं जेवण हलत होतं. हे आम्हाला आमच्या बैठकीत बसून कधीच कळलं नसतं. आम्ही आपल्या मनाने पोळ्या ठेवल्या असत्या, तर बाईंवर उपकार केले असं समजून त्यांचंच मोठं नुकसान केलं असतं.

आमचं नुकसान झालं का? झालं. तीन हजारांचं काम गेलं, पुरणाचे तेवढे थोडे पैसे आले. हजार रुपये परत न्यायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या, संक्रांतीच्या गूळपोळ्यांना धरा." या खेपेला वहीत लिहिलं, "१४ जानेवारी, मंगळवार, मकरसंक्रांत," आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं.

पण मैत्रिणींनो, हे असं विचारणं सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. दोन्ही शब्द एकाच माणसाला दिलेले असले, तरच "तुम्हाला कोणतं ठेवायचंय" हे विचारता येतं. एक शब्द बाईंना आणि दुसरा सरपंचांच्या घरी दिला असता, तर बाईंना कसं विचारणार, की सरपंचांचं काम सोडू का? ते ओझं त्यांच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. तिथे आपणच ठरवायचं. बहुधा ज्यांना आधी शब्द दिला त्यांचं काम ठेवायचं आणि दुसऱ्यांना लगेच जाऊन स्पष्ट सांगायचं. तसंच, दोन दिवसांवर आलेल्या कामाला चिठ्ठी लिहून वाट बघत बसता येत नाही. तिथे समोर जाऊनच बोलावं लागतं.

आणि समजा उत्तर आलं, "तुम्हीच ठरवा," तर? मग ते त्यांनी आपल्यावर सोपवलं असं धरायचं आणि पुन्हा पुन्हा विचारून त्यांना पिडायचं नाही. त्याच दिवशी कळवायचं, "आम्ही अमुक ठेवतोय, तमुक अमक्या तारखेला करू."

त्या सोमवारनंतर आमच्याकडे ऑर्डरींची वही एकच आहे. सचिवताईंची डायरी त्यांच्या घरगुती कामाला. काम कुणीही घेतलं तरी संध्याकाळपर्यंत त्या एका वहीत चढतं. तारीख, वार आणि सण किंवा तिथी, तिन्ही लिहायची, एक जरी रिकामं राहिलं तरी काम पक्कं धरायचं नाही. त्यापुढे एक रकाना, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि कोण कोण. त्या रकान्यात एकच नाव दोनदा आलं, की कॅलेंडर न बघताही कळतं.

आणि ही वही सांभाळायला आम्ही कुणाला दिली असेल? मावशींना. त्या आता गिऱ्हाइकाला सोडतच नाहीत. कुणी म्हणालं, "अहो, अमावास्येला द्या," की मावशी विचारतात, "तारीख कोणती? वार कोणता? थांबा, कॅलेंडर बघते."

तुमच्याही गटाची वही आज संध्याकाळी एकदा उघडून बघा. वाराने किंवा सणाने लिहिलेलं एखादं काम असेल, तर त्याच्यापुढे तारीख घाला. आमच्यासारखं काही निघालंच, तर घाबरू नका. आधी तास आणि हात मोजा, आणि मग कागद घ्या. नमस्कार.